गडगडाटातून गळलेला ॐ

प्रश्न : “एम.ए.ला एलियटची ‘द वेस्ट लँड’ आहे. शेवटी येणारं ‘दत्त, दयध्वम्, दाम्यत’ बृहदारण्यक उपनिषदातलं आहे हे कळलं. पण उपनिषद काढून बघितलं तर तिथे क्रमच वेगळा आहे. एलियट चुकला का? आणि ‘हा उपनिषदाचा संदर्भ आहे’ यापुढे उत्तरात नेमकं काय लिहायचं असतं?”

क्रम वेगळा आहे हे खरंच आहे. उपनिषदात तो दाम्यत, दत्त, दयध्वम् असा आहे. पण तुम्हाला सापडलेला हा फरक सगळ्यात वर तरंगणारा आहे. दोन्ही पानं शेजारी ठेवून सावकाश वाचलीत तर त्याखाली आणखी मोठे फरक दिसतील. उत्तरात लिहायचं असतं ते या फरकांविषयी. आधुनिक कवी जुन्या संहितेतून काय उचलतो हे टिपांमध्ये छापलेलं असतं. त्यानं काय मागे ठेवलं आणि काय पदरचं घातलं हे मात्र आपल्यालाच बघावं लागतं, आणि कवितेचं म्हणणं बहुतेक वेळा तिथेच असतं.

आधी मूळ गोष्ट, कारण वर्गात ती नेहमी दोन वाक्यांत उरकली जाते. बृहदारण्यकाच्या पाचव्या अध्यायातलं दुसरं ब्राह्मण. प्रजापतीची तीन प्रकारची लेकरं, म्हणजे देव, मनुष्य आणि असुर, बापाकडेच ब्रह्मचर्यानं राहून शिकली. शिक्षण संपल्यावर देव म्हणाले, “ब्रवीतु नो भवान्”, आम्हाला काही सांगा. प्रजापतीनं एकच अक्षर उच्चारलं, ‘द’. आणि विचारलं, “व्यज्ञासिष्टा३ इति?” हा तीनचा आकडा छापण्यातली चूक नाही. तो प्लुताचा, म्हणजे लांबवलेल्या स्वराचा आहे. आपण मुलांना शेवटचा स्वर ओढून “समजलंऽऽ?” असं विचारतो ना, तसाच. देव म्हणाले, “व्यज्ञासिष्म”, समजलं. ‘दाम्यत’, स्वतःला आवरा, असं तुम्ही म्हणालात. त्यावर “ओमिति होवाच, व्यज्ञासिष्टेति”. तो म्हणाला, ओम्, बरोबर समजलात. मग मनुष्य आले. त्यांनी त्याच ‘द’मध्ये ‘दत्त’, द्या, असं ऐकलं. असुरांनी ‘दयध्वम्’, दया करा, असं ऐकलं. दोघांनाही तोच प्रश्न आणि तोच होकार. शेवटी उपनिषद म्हणतं की हेच ती दैवी वाणी, मेघगर्जना, पुन्हा म्हणत असते : “तदेतदेवैषा दैवी वागनुवदति स्तनयित्नुर्द द द इति”.

इथलं ‘अनुवदति’ हे क्रियापद मला फार आवडतं. आपला ‘अनुवाद’ शब्द याच घरातला. मेघ स्वतःचं काही सांगत नाही. बापानं आधी सांगून, समजावून, खात्री करून झालेलं तो मागाहून म्हणतो. उपनिषदातला गडगडाट ही ओळखीच्या गोष्टीची आठवण आहे.

आता एलियटचं पान. कविता 1922 ची, तिचा पाचवा भाग ‘व्हॉट द थंडर सेड’, म्हणजे ‘मेघ काय म्हणाला’. आधी पाणी नसलेला खडकाळ रस्ता येतो, मग विजेच्या लखलखाटात कौलावर आरवणारा कोंबडा, पाऊस घेऊन येणारी ओलसर झुळूक. मग गंगा आटलेली आहे, मरगळलेली पानं पावसाची वाट बघताहेत आणि काळे ढग दूर हिमवंतावर जमताहेत. त्यानंतर मेघ बोलतो. ‘दा’ एवढंच अक्षर एका ओळीवर एकटं, रोमन मोठ्या लिपीत. खाली ‘दत्त’, आणि लगेच पुढे : आपण काय दिलं आहे?

पहिला फरक इथेच आहे. उपनिषदाच्या गोष्टीत गंगा नाही, हिमालय नाही, दुष्काळ नाही. तिथे कुणी पावसाची वाट बघत नाही. तहान एलियटनं घातली. त्याच्या कवितेच्या मुळाशी ओसाड पडलेल्या राज्याची आणि जखमी राजाची युरोपीय दंतकथा आहे. जेसी वेस्टन यांच्या 1920 च्या पुस्तकाचं ऋण त्यानं कवितेला स्वतःच जोडलेल्या टिपांत मान्य केलं आहे. उपनिषदातला मेघ त्यानं त्या कोरड्या मुलखावर आणून उभा केला. त्यामुळे मेघाचं काम बदललं. उपनिषदात तो आठवण देतो, इथे तो पाऊस देईल का असा प्रश्न आहे. झुळूक येते, ढग जमतात, गर्जना होते. पण मेघ बोलल्यावर सरी कोसळल्याची एकही ओळ नाही.

दुसरा फरक म्हणजे प्रजापती गायब आहे. शीर्षकातच ‘मेघ काय म्हणाला’ असं आहे. ज्याच्या बोलण्याचा हा अनुवाद होता तो बोलणारा राहिलेला नाही, नुसता अनुवाद उरला आहे. त्याच्याबरोबर देवही गेले आणि असुरही. तिन्ही आज्ञा आता माणसांनाच आहेत. हा बदल वाटतो तितका उपनिषदाबाहेरचा नाही. शांकरभाष्यात एक पर्यायी अर्थ दिला आहे : देव आणि असुर हे माणसांहून वेगळे कुणी नाहीतच. माणसांतच जे इतर गुणांनी संपन्न पण अदान्त, म्हणजे स्वतःला न आवरणारे, ते देव. लोभी ते मनुष्य. हिंसक आणि क्रूर ते असुर. एलियटनं भाष्य वाचून हे केलं असं सिद्ध करण्याच्या भरीला पडू नका. दोन वाचक वेगवेगळ्या वाटेनं एकाच जागी पोचतात, एवढं म्हणणं पुरेसं आहे आणि तेवढंच खरं आहे.

आता गाभ्याकडे येतो. तिन्ही आज्ञांना कवितेत उत्तरं कशी येतात ते व्याकरणाच्या अंगानं बघा. दत्त, दयध्वम्, दाम्यत हे तिन्ही आज्ञार्थ, द्वितीय पुरुष, अनेकवचन. आज्ञार्थाचं तोंड नेहमी पुढे असतं, अजून करायच्या गोष्टीकडे. एलियटच्या माणसाची तिन्ही उत्तरं मात्र मागे बघणारी आहेत. ‘आपण काय दिलं आहे?’, ‘मी किल्ली ऐकली आहे’, ‘नावेनं प्रतिसाद दिला’. करा म्हटल्यावर हा माणूस काय झालं त्याचा हिशेब मांडतो.

‘दत्त’चा हिशेब वाचा. क्षणभराच्या समर्पणाचं ते भयंकर धाडस, जे शहाणपणाचं एक अख्खं युगही परत घेऊ शकत नाही, त्यानेच आणि केवळ त्यानेच आपण अस्तित्वात होतो, असं तो म्हणतो. आणि हे कुठे सापडणार नाही त्याची यादी देतो : मृत्युलेखांत नाही, कोळ्यानं जाळं पांघरलेल्या आठवणींत नाही, आणि रिकाम्या खोल्यांत हाडकुळा वकील जी लाखेची मोहोर फोडतो त्या कागदांतही नाही. मेल्यावर वर्तमानपत्रात येणारे चार शब्द, घरच्यांच्या आठवणी आणि मृत्युपत्र, गृहस्थ मागे ठेवतो ते एवढंच असतं. उपनिषद माणसांना ‘द्या’ म्हणतं कारण माणूस लोभी, साठवणारा. दान म्हणजे साठवलेल्यातलं वाटणं. एलियट ते दान संपत्तीवरून काढून स्वतःवर नेतो : वाटायचं असेल तर स्वतःला, आणि तेही एका बेसावध क्षणी. वर्गात मी इथे एक गोष्ट फळ्यावर लिहितो. संस्कृतात ‘दत्त’ हे रूप ‘द्या’ असंही आहे आणि ‘दिलेलं’ असंही. आज्ञार्थ आणि भूतकालवाचक धातुसाधित, दोन्ही एकाच रूपात. कवीच्या मनात ते होतं का याचा पुरावा नाही, म्हणून उत्तरपत्रिकेत त्यावर इमारत उभी करू नका. पण संस्कृत जाणणाऱ्या कानाला ‘दत्त : आपण काय दिलं आहे?’ ही ओळ अधिक बोचते, हे मला सांगितल्यावाचून राहवत नाही.

‘दयध्वम्’पाशी एलियट उपनिषदात दुसरी संहिता मिसळतो. किल्ली दारात एकदा फिरली, एकदाच, असं मी ऐकलं आहे; आपण प्रत्येक जण आपापल्या तुरुंगात त्या किल्लीचा विचार करतो आणि त्या विचारानेच तुरुंग पक्का करतो. टिपेत त्यानं दान्तेच्या ‘इन्फर्नो’चा 33 वा सर्ग दिला आहे. काउंट उगोलिनोला मुलांसकट मनोऱ्यात कोंडलं, आणि त्या भयानक मनोऱ्याचं खालचं दार बंद केल्याचा आवाज त्यानं ऐकला. पुढे सगळे उपासमारीनं मेले. त्याच टिपेत तत्त्वज्ञ ब्रॅडली यांचा उतारा आहे, प्रत्येकाचा अनुभव हा बाहेरून बंद असलेलं वर्तुळ असतो अशा अर्थाचा. एलियटचा प्रबंध याच ब्रॅडलींवर होता. आता ही तिन्ही पानं एकत्र धरा. उपनिषद असुरांना ‘दया करा’ म्हणतं कारण ते क्रूर आहेत, दुसऱ्याला इजा करतात. एलियटचा माणूस क्रूर नाही, तो कोंडलेला आहे. इजा करण्याइतकासुद्धा तो दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. आज्ञा तीच राहिली, रोग बदलला. उत्तरपत्रिकेत लिहिण्याजोगं वाक्य म्हणजे असं वाक्य. ‘दयेचा संदेश दिला आहे’ हे वाक्य मी तपासताना खोडतो.

‘दाम्यत’मध्ये तर शब्दाचा अर्थच सरकला आहे. दम म्हणजे स्वतःला आवरणं, इंद्रियांना लगाम. टिपेत एलियट ‘कंट्रोल’ असा इंग्रजी शब्द देतो. हा शब्द दोन्हीकडे वळतो, स्वतःवर ताबा आणि दुसऱ्यावरही. कवितेत येते ती नाव. शीड आणि वल्हं जाणणाऱ्या हाताला ती आनंदानं प्रतिसाद देते. समुद्र शांत होता. आणि बोलावणं आलं असतं तर तुझ्या हृदयानंही असाच आनंदानं, त्या हातांच्या आज्ञेत धडधडत प्रतिसाद दिला असता. म्हणजे संयमाच्या जागी सुकाणू आलं. आवरणारा आणि आवरला जाणारा उपनिषदात एकच आहे, इथे ते दोघं आहेत. आणि ‘दिला असता’ याकडे लक्ष द्या. आपल्या व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात. नावेनं प्रतिसाद दिला, हृदयानं दिला असता. सगळ्या कवितेतलं सगळ्यात सुखी चित्र, आणि त्याचा मुख्य अर्धा भाग घडलेलाच नाही. मराठी भाषांतर करून बघितलंत तर हे इंग्रजीपेक्षा लवकर ध्यानात येतं.

आता क्रमाचं. एलियट हार्वर्डला प्राध्यापक लानमन यांच्याकडे दोन वर्षं संस्कृत शिकला होता. तरीही टिपेत त्यानं ही कथा 5.1 मध्ये असल्याचं लिहिलं आहे, प्रत्यक्षात ती 5.2 मध्ये आहे. म्हणजे घसरण होऊ शकते. पण क्रम मात्र तो कवितेत एकदा, टिपेत एकदा आणि शेवटच्या आधीच्या ओळीत पुन्हा एकदा, असा तीनदा सारखाच देतो. त्याच्या मनात काय होतं ते यातून ठरत नाही, आणि ठरवायची गरजही नाही. क्रम काय करतो ते बघा. उपनिषद देवांपासून सुरू होतं. एलियट ‘दत्त’पासून, म्हणजे माणसांना दिलेल्या आज्ञेपासून सुरू करतो. देव-असुर काढून टाकल्यावर सुरुवात माणसाच्या वाट्याच्या शब्दानं व्हावी हे जुळतं. दुसरं म्हणजे संकेतार्थातली नाव शेवटी येते, त्यामुळे ‘झालं असतं’ ही जखम वाचकाच्या कानात सगळ्यात शेवटी राहते. मूळ क्रम ठेवला असता तर शेवटी तुरुंग आला असता, आणि कविता वेगळ्या जागी थांबली असती. ‘चूक की मुद्दाम’ या प्रश्नाचं माझं उत्तर इतकंच आहे.

मी स्वतः बरीच वर्षं एक गोष्ट चुकीची शिकवत होतो. कवितेची शेवटची ओळ ‘शांतिः शांतिः शांतिः’. मी सांगायचो की अखेरीस कवीला उपनिषदात शांती सापडते. एकदा तासाला एका विद्यार्थिनीनं विचारलं, “सर, यात ॐ कुठे आहे?” तिच्या घरी रोज अथर्वशीर्ष म्हटलं जायचं. तिच्या कानाला ‘शांतिः’ हे कधी एकटं माहीतच नव्हतं. आधी ॐ, मग तीन वेळा शांतिः. मी तिला तेव्हा काही तरी उत्तर दिलं. घरी जाऊन मात्र दोन्ही पानं पुन्हा काढली, आणि तेव्हा मला ते दिसलं.

ॐ दोन ठिकाणी असायला हवा होता. एक इथे, शेवटी. दुसरा त्या कथेतच : “ओमिति होवाच”. कथेतला ओम् जपाचा नाही, तो साधा ‘हो’ आहे. छांदोग्याच्या पहिल्याच खंडात ओम् हे अनुज्ञेचं अक्षर आहे असं सांगितलं आहे. माणूस ज्याला संमती देतो त्याला ओम् म्हणतो. कथेची सगळी घडण त्या होकारावर उभी आहे. समजलं का? समजलं. ओम्. हे तीनदा घडतं. एलियटनं अक्षर घेतलं, मेघ घेतला, तिन्ही अर्थ घेतले, आणि ‘समजलं का’ हा प्रश्न, ‘समजलं’ हे उत्तर आणि ‘ओम्’ हा होकार, हे तिन्ही सोडले. त्याच्या माणसानं ‘दत्त’ बरोबर ऐकलं की नाही, हे सांगायला कुणी नाही. मग शेवटी शांतिपाठातूनही ओम् गेलेला असतो.

इथे एक धोका आहे. ‘अमुक नाही’ यावरून अर्थ काढायला लागलं की कशावरूनही काहीही काढता येतं. मी दोन गोष्टी तपासतो. गळलेली गोष्ट मूळ संहितेत आधाराची होती का? इथे होती, होकार काढला तर कथेत नुसता गडगडाट उरतो. आणि तीच उणीव कवितेत इतरत्र, या संदर्भाशिवाय, दिसते का? दुसऱ्या भागात जा. रात्री एक बाई नवऱ्याला म्हणते : माझ्याशी बोल, तू कधी बोलत का नाहीस, बोल. तो आवाज कसला आहे? तुला काहीच माहीत नाही? काहीच दिसत नाही? काहीच आठवत नाही? तो मनातल्या मनात उत्तरं देतो, तिच्यापर्यंत एकही पोचल्याचं दिसत नाही. तिसऱ्या भागात एक आवाज म्हणतो, मी कशाशीच काही जोडू शकत नाही. प्रश्न विचारला गेला आणि कुणी ‘हो’ म्हणालं, असं ही कविता जवळपास कुठेच होऊ देत नाही. म्हणून उपनिषदातला होकार गळणं हे माझ्या मते कवितेच्या आतून आलेलं आहे. या दोन कसोट्यांवर उतरत नसेल तर गळलेली गोष्ट सोडून द्यावी, कितीही आकर्षक वाटली तरी.

आणखी एक चूक तुमच्या वर्गातही होत असेल. ‘पाश्चात्त्य कवीला अखेर भारतीय तत्त्वज्ञानातच उत्तर मिळालं’ असं लिहिलं जातं. लिहिणाऱ्याला अभिमान वाटतो, तो मी समजू शकतो, पण पुढच्या ओळी त्याला आधार देत नाहीत. मेघाचे तीन शब्द झाल्यावर माणूस किनाऱ्यावर मासे धरत बसलेला आहे, मागे ते कोरडं मैदान तसंच. निदान माझी जमीन तरी मी नीट लावून ठेवू का, असं तो विचारतो. हा प्रतिध्वनी बायबलमधल्या यशयाचा, आणि तिथे तो मरायला टेकलेल्या राजाला दिलेला निरोप आहे. मग लंडनचा पूल कोसळतोय हे बालगीत, दान्तेची ओळ, लॅटिन, फ्रेंच, एका जुन्या इंग्रजी नाटकातलं वेड, आणि त्यांच्याच रांगेत पुन्हा दत्त, दयध्वम्, दाम्यत. उपनिषद हा त्या ढिगातला एक तुकडा आहे, शेवटी ठेवलेला म्हणून अधिक वजनाचा. ‘शांतिः’चा अर्थ सांगताना टिपेत तो पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातले शब्द घेतो, बुद्धीच्या पलीकडची शांती. 1927 मध्ये तो चर्च ऑफ इंग्लंडमध्ये गेला. भारतीय तत्त्वज्ञानाच्या आपल्या अभ्यासाविषयी पुढे त्यानं म्हटलं की त्या अभ्यासानं मी एका प्रकाशमान गोंधळात येऊन पोचलो. हे लक्षात ठेवून ‘उत्तर मिळालं’ हे शब्द वापरायचे का ते ठरवा.

पंधरा गुणांच्या प्रश्नाला सगळं लिहायला वेळ मिळणार नाही. मी असतो तर पहिल्या परिच्छेदात मूळ कथा पाच-सहा ओळींत, ‘समजलं का, समजलं, ओम्’ यासकट लिहिली असती, कारण पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. मग ‘दाम्यत’ एकच घेतला असता : दम म्हणजे काय, कवितेत नाव कशी येते, ‘दिला असता’ हे रूप काय करतं. क्रमाचा प्रश्न दोन वाक्यांत, ‘चूक’ हा शब्द न वापरता. आणि शेवटचा परिच्छेद ओम्‌साठी, दुसऱ्या भागातल्या त्या बाईचे प्रश्न शेजारी ठेवून.